सीसी दहा लाखांची, मग चेक परत का?

"दहा लाखांची सीसी मंजूर आहे, व्याजही वेळेवर भरतो. मग दहा लाख कधीही उचलता यायला हवेत ना?"

नाही. सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, मालाच्या तारणावर बँकेने दिलेली कर्जाची सोय. तिची मंजूर मर्यादा म्हणजे फक्त कमाल आकडा. प्रत्यक्षात किती उचलता येतील ते ड्रॉइंग पॉवर ठरवते, आणि ती तुमच्या स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे बँकेला दिलेल्या मालाच्या हिशेबावरून निघते.

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरचं एखादं साडीचं दुकान घ्या. माल १४ लाखांचा, पण त्यातल्या ४ लाखांचे पैसे व्यापाऱ्याला अजून द्यायचेत. तो उधारीचा माल बँक धरत नाही. उरले १० लाख. त्यातून २५ टक्के मार्जिन, म्हणजे मालातला तुमचा स्वतःचा वाटा, वजा केलं की ड्रॉइंग पॉवर साडेसात लाख. खात्यावर ८ लाख उचल असेल, तर दहा लाखांची मंजुरी असूनही खातं ५० हजारांनी जादा उचललेलं ठरतं आणि नवे चेक परत जाऊ शकतात.

दिवाळीनंतर हे हमखास घडतं. माल विकला जातो, पण गल्ला खात्यात भरायच्या ऐवजी दुसरीकडे वळतो. माल घटला की ड्रॉइंग पॉवरही घटते, उचल मात्र तेवढीच राहते.

सगळ्यात घातक म्हणजे स्टेटमेंटच न देणं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर काढलेल्या ड्रॉइंग पॉवरवरची उचल अनियमित धरली जाते. ती अनियमितता सलग ९० दिवस राहिली, तर व्यवसाय चालू असतानाही खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं. म्हणून महिना संपला की मंजुरीपत्रातल्या तारखेपूर्वी खरे आकडे द्या. फुगवलेला माल तपासणीच्या दिवशी कपाटात दिसत नाही.