सभेच्या नोटिशीतील ‘प्रॉक्सी चालणार नाही’ या ओळीमागचा इतिहास

सप्टेंबर उजाडला की गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांवर वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस लागते. विषयपत्रिकेखाली बहुधा तीन टिपा असतात. एक गणपूर्तीची, एक तहकूब सभेची आणि एक अशी की सभासदाऐवजी दुसऱ्या कोणास बसता किंवा मत देता येणार नाही. सर्वाधिक वाद या तिसऱ्या टिपेवरून होतात.

1912 च्या सहकारी कायद्यात ‘प्रॉक्सी’ हा शब्द होता, परंतु तो आजच्या अर्थाने नव्हता. एका संस्थेने दुसऱ्या संस्थेचे भाग घेतले असतील, तर त्या दुसऱ्या संस्थेच्या कारभारात मत देण्यासाठी आपल्यापैकी एका सभासदास पाठवण्याची मुभा तिला होती आणि त्या व्यक्तीस कायदा प्रॉक्सी म्हणत असे. संस्थेला स्वतः हजर राहता येत नाही, म्हणून ही सोय होती. माणसासाठी तशी सोय केलेली नव्हती. 1960 च्या महाराष्ट्र कायद्याने हे संदिग्ध राहू दिले नाही: एका सभासदास एकच मत, आणि ते स्वतः हजर राहून द्यावयाचे, प्रतिनिधीमार्फत नव्हे. कंपनीच्या सभेत मत भागांच्या संख्येवर मोजले जाते, त्यामुळे तेथे प्रॉक्सी स्वाभाविक ठरते. सहकारात मत भांडवलाला नसून माणसाला आहे, म्हणून ते दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. नोकरीच्या ठिकाणी कंपनीच्या सभा पाहिलेल्या सभासदांना हा फरक पटवून देणे कठीण जाते, असे अनुभवाने सांगता येईल.

खरा गुंता मुखत्यारपत्राचा आहे. परदेशी राहणारा सभासद भावाच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र करतो. भाऊ त्याआधारे सदनिका भाड्याने देतो, अगदी विकूही शकतो. मग सभेत मत का देऊ शकत नाही, असा प्रश्न विचारला जातो. आदर्श उपविधींनी प्रॉक्सीबरोबरच मुखत्यार आणि अधिकारपत्रधारक यांनाही सभेस बसण्यापासून वगळले आहे. मालमत्तेचा व्यवहार हा सदनिकेचा विषय आहे आणि मत हा सभासदत्वाचा. पहिल्याचा अधिकार दिल्याने दुसऱ्याचा मिळत नाही. हे योग्यच आहे, असे माझे मत आहे, कारण अन्यथा एकच दलाल दहा मुखत्यारपत्रे घेऊन संस्थेचे निर्णय फिरवू शकला असता.

या अडचणीवरचा वैध मार्ग 2019 च्या दुरुस्तीने अधिक स्पष्ट केला. तिने गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण घातले आणि सहसभासद व सहयोगी सभासद हे दोन प्रकार वेगळे केले. पूर्वी ‘सहयोगी’ या एकाच शब्दात दोन्ही मिसळलेले होते. सहसभासद सदनिकेत हक्कदार असतो. भाग दाखल्यावर ज्याचे नाव पहिले, त्याचे मत, आणि तो नसेल तर दुसऱ्याचे. सहयोगी सभासद हक्कदार नसतो. जोडीदार, आईवडील, भावंडे, मुले, जावई, सून, भाचे-पुतणे अशा ठरलेल्या नात्यातील व्यक्तीलाच सभासदाच्या लेखी शिफारशीवरून तसे करून घेता येते, आणि तो सभासदाच्या लेखी पूर्वसंमतीने त्याच्या वतीने हक्क बजावतो. वरील उदाहरणातील भाऊ या नात्यांत बसतो, मित्र बसत नाही. मात्र सहयोगी म्हणून त्याची नोंद सभेपूर्वी झालेली असली पाहिजे. दारात चिठ्ठी दाखवून ती होत नाही.

गणपूर्ती मोजतानाही हीच चूक होते. उपविधींनुसार एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती. 24 सभासदांच्या संस्थेस 16 लागतात, 48 सभासदांच्या संस्थेस 32 नव्हे तर 20 पुरतात. आता त्या 48 च्या सभेत 20 सह्या आहेत, पण त्यांतील तिघे मुखत्यार आहेत. खरी हजेरी 17 ठरते, आणि ही त्रुटी पुढे इतिवृत्त तपासताना हजेरीपटावरूनच उघड होते. गणपूर्ती नसेल तर अर्ध्या तासाने सभा तहकूब होते. ती त्याच दिवशी नोटिशीत नमूद केलेल्या पुढील वेळी, अथवा 7 ते 30 दिवसांत घेता येते, आणि त्या वेळी गणपूर्तीची अट राहत नाही. मूळ विषयपत्रिकेबाहेर मात्र तिला जाता येत नाही.

मुदतीचा तपशील थोडक्यात असा. 2011 च्या घटनादुरुस्तीनंतर राज्याने 2013 मध्ये कायदा बदलून आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, सभा घेण्याचे बंधन घातले. नोटीस पूर्ण 14 दिवसांची हवी, आणि त्यांत नोटिशीचा व सभेचा दिवस धरत नाहीत. त्यामुळे 28 सप्टेंबरच्या सभेची नोटीस उशिरात उशिरा 13 तारखेस सभासदांपर्यंत गेलेली असावी लागते. परदेशातील सभासदाने भावाला सहयोगी करून घ्यायचे असेल, तर त्याने नोटिशीची वाट न पाहता त्याआधीच अर्ज दिलेला बरा, कारण समितीची बैठक होऊन तो मंजूर व्हायला हे पंधरा दिवस अनेकदा पुरत नाहीत.