लांब तुळईचा सांधा: एसेक्सच्या कोठारांपासून लोखंडी बोल्टपर्यंत

इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात क्रेसिंग टेंपल इथं तेराव्या शतकातली दोन लाकडी धान्यकोठारं आजही उभी आहेत. त्यांच्यात खांबांच्या डोक्यांवरून कोठारभर धावणाऱ्या तुळया आहेत. इतकं लांब आणि सरळ ओकचं झाड मिळत नाही, म्हणून तुकडे टोकाला टोक लावून जोडले गेले. सेसिल ह्यूएट या अभ्यासकानं विसाव्या शतकात अशा सांध्यांचे आकार टिपले आणि सांध्याच्या घडणीवरून इमारतीचा काळ ताडण्याची पद्धत मांडली.

सर्वांत सोपा सांधा म्हणजे दोन्ही टोकं निम्म्या जाडीची करून एकावर एक ठेवणं. पण तुळईची वाकण्याविरुद्धची ताकद उंचीच्या वर्गावर अवलंबून असते. उंची निम्मी झाली की उरलेल्या पट्टीत मूळ ताकदीचा चौथाच भाग राहतो. तोच काप उभा घेतला, म्हणजे दोन्ही अर्धे शेजारी-शेजारी आले, तर उंची पूर्ण राहते आणि प्रत्येकात निम्मी ताकद उरते. त्यामुळे काप आडवा की उभा, हा मला या साऱ्या कामातला कळीचा निर्णय वाटतो.

जुन्या सुतारांनी तिरका कापही वापरला. टोकं किंचित आत कलती कापली की ती एकमेकांखाली अडकतात आणि उचलली जात नाहीत. मधल्या खाचेत पाचर ठोकली की दोन्ही टोकं खांद्यांवर घट्ट दाबली जातात. पुढं चौदाव्या शतकापासून अर्ध्या कापाला दोन्ही टोकांशी कूस, म्हणजे समोरच्या तुकड्याच्या खाचेत बसणारी जीभ, जोडण्याची रीत रुळली. तिनं तुकडे बाजूला सरकणं थांबलं.

सांधा कुठं येतो, हेही तितकंच महत्त्वाचं. अनेक खांबांवरून सलग जाणाऱ्या तुळईत, भार सारखा पसरलेला असेल तर, खांबापासून गाळ्याच्या साधारण पाचव्या भागावर वाकवणारा जोर जवळजवळ शून्य होतो. सांध्याला तीच जागा मानवते. गाळ्याच्या मध्यात तो आला तर खालच्या बाजूची फट उघडू लागते आणि खाचेच्या कोपऱ्यातून लाकडातल्या रेषांच्या दिशेनं चीर जाते. पाहणी करताना नजर आधी तिथंच टाकावी.

सांधा किती लांब असावा, याचे आकडे इंग्रज अभियंते थॉमस ट्रेडगोल्ड यांनी 1820 मध्ये मांडले. बोल्ट नसतील तर ओकमध्ये सांधा तुळईच्या उंचीच्या सहापट आणि फर या मऊ लाकडात बारापट हवा. फर रेषांच्या दिशेनं लवकर सुटतं, म्हणून दुप्पट. खाचा आणि बोल्ट दोन्ही असतील तर ओकला दुप्पट आणि फरला चौपट पुरते. म्हणजे 30 सेंटिमीटर उंचीच्या ओकच्या तुळईला नुसत्या लाकडी सांध्यात 180 सेंटिमीटर लागतात, तर लोखंडाच्या साथीनं 60. बोल्ट वापरले की एवढं लाकूड वाचतं.