सिक्युरिटी सर्टिफिकेशनचा खर्च कंपनीकडून मागताना : साहेबांना पत्र कसे लिहावे

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या सायबर सिक्युरिटीच्या वर्गात चौकशीला येणारे बरेच जण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत आयटी सांभाळतात. फी ऐकली की पहिला प्रश्न येतो, "कंपनी देईल का?" पुष्कळदा देते. पण आम्हाला दाखवायला आणलेल्या कच्च्या पत्रांत बहुधा एवढेच असते : सायबर हल्ले वाढले आहेत, माझे ज्ञान वाढेल, कंपनीला फायदा होईल. हे वाचून साहेबांच्या मनात एकच शंका येते, की सर्टिफिकेट हातात पडले की हा पुण्याला जाणार. ती शंका रास्त आहे, आणि पत्राने तिला सरळ उत्तर द्यायला हवे. म्हणून हे माहितीपत्रक.

आधी सर्टिफिकेशन कोणते, ते ठरवा. कारखान्यातल्या सिस्टिम अ‍ॅडमिनला आम्ही कॉम्पटियाचे सिक्युरिटी प्लस सुचवतो. सीआयएसएसपीचे नाव मोठे आहे, पण त्यासाठी त्या क्षेत्रातला पाच वर्षांचा अनुभव लागतो आणि तिचा रोख धोरण व व्यवस्थापनाकडे जास्त आहे. सिक्युरिटी प्लसच्या सध्याच्या SY0-701 परीक्षेत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात आणि १०० ते ९०० च्या पट्टीवर ७५० गुण लागतात. तिचा सगळ्यात मोठा भाग, २८ टक्के, सिक्युरिटी ऑपरेशन्सचा आहे. म्हणजे लॉग वाचणे, घटना हाताळणे, यंत्रणा घट्ट करणे. कारखान्यात रोज लागते ते हेच.

आता नमुना पत्र. एका फाउंड्रीची परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून ते आम्ही रचले आहे. त्यातले रुपयांचे आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही त्या दिवशीचे कोटेशन जोडा.

विषय : सिक्युरिटी प्लस परीक्षेच्या खर्चास मंजुरी मिळण्याबाबत

मा. प्लांट मॅनेजर साहेब,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या आधी अकाउंट्सच्या मशीनवर रॅन्समवेअर आला. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच मशीनला कायम जोडलेली होती, त्यामुळे तीही लॉक झाली. टॅलीचा डेटा पुन्हा उभा करायला दोन दिवस गेले. तोवर बिले निघेनात, म्हणून कास्टिंगच्या तीन गाड्या गेटवर थांबल्या. बाहेरून बोलावलेल्या इंजिनिअरचे बिल ४५,००० रुपये झाले. एवढे करूनही व्हायरस शिरला कुठून, ते कळले नाही. आपल्या फायरवॉलमध्ये लॉग सातच दिवस टिकतात, आणि शिरकाव त्याआधीचा असावा.

डिस्क रोज काढून कपाटात ठेवण्याचे काम मी दुसऱ्याच दिवशी सुरू केले. त्याला कोर्स लागत नाही. पण कोणते लॉग ठेवायचे, त्यांत संशयास्पद काय हे कसे ओळखायचे आणि मशीन बाधित झाल्यावर पहिल्या तासात काय करायचे, हे मला नीट येत नाही. त्या दिवशी मी घाबरून मशीन फॉरमॅट केले आणि पुरावाही त्याबरोबर गेला. हे शिकण्यासाठी मी सिक्युरिटी प्लस करू इच्छितो.

परीक्षेचे व्हाउचर ३२,०००, पुस्तक व सराव चाचण्या ६,००० आणि शिकवणी १८,०००, असे एकूण ५६,००० रुपये लागतील. सर्टिफिकेट तीन वर्षे चालते. ते पुढे चालू ठेवायचे तर दर वर्षी ५० डॉलर भरावे लागतात आणि तीन वर्षांत ५० गुणांचे पुढचे शिक्षण दाखवावे लागते. वर्ग रविवारी असल्याने कामाचा खोळंबा होणार नाही. परीक्षेसाठी एक दिवस रजा लागेल. पहिल्या प्रयत्नात नापास झालो तर दुसऱ्या परीक्षेचा खर्च मी करीन.

पास झाल्यापासून तीन महिन्यांत फायरवॉल आणि सर्व्हरचे लॉग एका वेगळ्या मशीनवर १८० दिवस साठतील अशी सोय मी करून देईन. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे ते १८० दिवस ठेवावे लागतात. त्याच आदेशात सायबर घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळवण्याचे बंधन आहे. त्यासाठी कोणी कोणाला फोन करायचा आणि काय लिहून पाठवायचे, याचा एक पानी कागद तयार करून अकाउंट्स आणि डिस्पॅचमध्ये लावीन. दर तिमाहीला टॅलीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहीन आणि किती वेळ लागला ते आपल्याला लेखी देईन. तेव्हा दोन दिवस लागले होते, मला ते चार तासांवर आणायचे आहे.

पास झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मी नोकरी सोडली तर सगळी रक्कम आणि वर्षाच्या आत सोडली तर निम्मी रक्कम परत करीन.

आपला विश्वासू

पत्र इथे संपले. यातला दुसरा परिच्छेद आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. साहेब विचारणारच, की हे काम सर्टिफिकेटशिवाय का करत नाहीस? जे आजच फुकट करता येते ते आधी करून टाका आणि पत्रात तसे लिहा. मग उरलेल्या कामासाठी मागितलेले पैसे पटतात. स्वतःची चूक लिहायला जीव कचरतो, हे आम्हाला कळते. पण मशीन फॉरमॅट केल्याची कबुली नेमके काय शिकायचे आहे ते दाखवते.

फायदा लिहिताना दोन गोष्टी टाळा. "यापुढे हल्ला होणार नाही" असे लिहू नका. तसे वचन कोणतीही परीक्षा देत नाही, आणि पुढे कधी काही घडले तर तेच वाक्य तुमच्यासमोर ठेवले जाईल. दुसरे, "आपली कंपनी सर्टिफाइड होईल" असेही लिहू नका. सर्टिफिकेट तुमच्या नावाचे असते. परदेशी वाहन कंपनीसारखे गिऱ्हाईक माहिती सुरक्षेचे आयएसओ २७००१ किंवा टिसॅक्स मागते, तेव्हा त्याला अख्ख्या कंपनीची तपासणी हवी असते. तिच्या तयारीत शिकलेला माणूस उपयोगी पडतो, पण त्याचे सर्टिफिकेट तिची जागा घेत नाही.

नुकसानीचा हिशेबही फुगवू नका. तीन गाड्या थांबल्या म्हणून लाखांचे नुकसान झाले, असा अंदाज लिहिला की साहेब आकड्यावरच वाद घालतात. बिलाची पावती असलेले ४५,००० पुरे आहेत.

पैसे परत करण्याची अट तुम्हीच मांडलीत तर ती तुम्हाला झेपेल अशी असते. एचआरने आपला बाँड पुढे केला तर त्यातली रक्कम प्रत्यक्ष खर्चाच्या आसपास आहे का, आणि जसजसे महिने जातील तसतशी ती कमी होते का, हे सहीआधी पाहा. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यावर वाजवी भरपाईच मिळते, आणि करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते.

शिकवणीची फी आम्ही घेतो, म्हणून हेही सांगतो : नेटवर्किंगचा पाया पक्का असेल आणि रोज दीड-दोन तास बसण्याची सवय असेल, तर पुस्तक आणि सराव चाचण्यांवरही अभ्यास होतो. मग पत्रातून शिकवणीची ओळ काढा. मागणी ५६,००० वरून ३८,००० वर आली तर मंजुरीही लवकर येते.

व्हाउचर मात्र लेखी मंजुरी हातात आल्यावरच घ्या. ते भारतासाठीचेच घ्या आणि त्यावरची मुदत पाहा. बिल कंपनीच्या नावाने आणि जीएसटी नंबरसह मागा. आधी स्वतःच्या कार्डवर घेतलेल्या व्हाउचरचे पैसे अकाउंट्समधून काढताना फार दमछाक होते.

कच्चे पत्र घेऊन शनिवारी संध्याकाळी या. आमच्याकडे प्रवेश घेतला नसला तरी आम्ही ते वाचून देतो. येताना फायरवॉलमध्ये लॉग किती दिवस राहतात, एवढे पाहून या.