सगळ्यांना स्टार म्हणजे प्रभुत्वाचा वर्ग नव्हे

मार्कांची चढाओढ बंद करून वर्गाचा भर शिकलेलं पक्कं होण्यावर न्यायचा, असं ठरवलं की आम्ही शिक्षक बहुतेक वेळा भलत्याच वळणाला लागतो. सगळ्यांना स्टार, सगळ्यांना शाब्बास, कुणाचा नंबर नाही. हा झाला गोडीगुलाबीचा वर्ग. प्रभुत्वाचा वर्ग यापेक्षा कडक असतो.

डिचोली भागातल्या मराठी प्राथमिक शाळेतली चौथी डोळ्यांपुढे आणा. फळ्यावर गणित आहे: ४०२ − १७८. एका मुलीचं उत्तर ३७६, तिच्या शेजारच्या मुलाचं २३४. गोडीगुलाबीच्या वर्गात दोघांच्या वहीत ‘छान प्रयत्न’ आणि एकेक स्टार पडतो. पण मुलीने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय, तिला हातचा कळलेलाच नाही. मुलाला हातचा कळलाय. शतक सुटं करून त्याने दहा दशक आणले, त्यातला एक एककाला दिला, पण दशकाच्या घरात नऊ न लिहिता दहाच ठेवले. बरोबर उत्तर २२४. चुका दोन, औषधंही दोन.

म्हणून प्रभुत्वाच्या वर्गात गट ‘हुशार’ आणि ‘कच्चे’ असे पडत नाहीत, चुकीच्या जातीवरून पडतात. ३७६ वाले शंभराच्या आणि दहाच्या खोट्या नोटा मोडून बसतात, २३४ वाले शेजारी नव्वद आणि बारा मांडून दाखवतात. दोन दिवसांनी गट मोडतो. तो महिनाभर तसाच राहिला तर मुलं त्याला नाव ठेवतातच. ज्यांचं जमलंय त्यांना आणखी दहा तीच गणितं देऊ नयेत; म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला हिशेब स्वतः रचून, त्यात मुद्दाम एक चूक पेरायला सांगावं.

कौतुकही तसंच हवं: वहीजवळ बसून, हळू आवाजात, ‘या वेळी नऊ विसरला नाहीस’. भिंतीवरचा स्टारचा तक्ता सगळ्यांना स्टार दिले तरी तुलनाच शिकवतो, मुलं लगेच मोजायला लागतात.

तपासणीत सगळ्यात जास्त घोटाळा होतो. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्यांची कामगिरी आणि गोडी वाढली. शेऱ्याबरोबर गुण दिले तेव्हा तो फायदा उरला नाही. मुलं आकडा बघतात आणि वही मिटतात. म्हणून आधी शेरा, मग दुरुस्ती, मग त्याच जातीचं नवं गणित, उदाहरणार्थ ५०३ − २६७, आणि गुण लावायचेच तर त्यानंतर. रजिस्टरला गुण लागतातच, तिथे पळवाट नाही. पण दुसऱ्या खेपेचे गुण पहिल्यांच्या जागी घातले नाहीत, तर फेरचाचणी ही मुलांना शिक्षाच वाटते.

फरक पडलाय की नाही ते वही परत देताना कळतं. ‘बाई, म्हाका कितले पडले?’ हा प्रश्न कमी होतो आणि कुणीतरी विचारतं, ‘हांव खंय चुकलों?’