मावशीचं गाठोडं आणि कागदांची दोन घड्याळं

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी तपासायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि त्या दिवाळीत आमच्याकडे घरोघरच्या ट्रंका उघडल्या. कुणी पणजोबांचा शाळेचा दाखला शोधत होतं, कुणी उर्दूतला उतारा. दोनेक वर्षांनी जालन्याकडची माझी मावशी लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आली. "दादा, यातलं काय ठेवू अन् काय बंबात घालू, ते सांग," एवढंच तिचं म्हणणं. वर नीट लॅमिनेट केलेली २००९ ची वीजबिलं होती. तळाशी चार घड्या पडलेला, कडेला कसर लागलेला उर्दू कागद होता. "ते निजामाचं काहीतरी आहे, कुणाला वाचता येत नाही," म्हणून तो बंबात जाणाऱ्या ढिगात पडला होता.

मी करसल्लागाराच्या कचेरीत वीस-बावीस वर्षं काढली. "कागद किती वर्षं ठेवायचे?" हा प्रश्न तिथे दर मार्चला येतो आणि लोकांना एकच आकडा हवा असतो. तसा आकडा नाही, कारण कागदांची घड्याळं दोन. कराचा कागद दिवसागणिक निरुपयोगी होत जातो. जमिनीचा आणि जातीचा कागद मात्र जितका जुना, तितका वजनदार. मावशीच्या गाठोड्यात दोन्ही एकत्र बांधले होते.

आधी कराचं. जुनं प्रकरण आयकर खातं किती वर्षांपर्यंत पुन्हा उघडू शकतं, यावर सगळं अवलंबून असतं आणि ही मुदत सारखी बदलत आली आहे. १९६१ चा कायदा आला तेव्हा मोठ्या लपवलेल्या उत्पन्नासाठी ती १६ वर्षं होती. "सोळा वर्षं कागद जपा" असं म्हाताऱ्या व्यापाऱ्यांकडून अजून ऐकू येतं, ते त्यातूनच आलं असावं. पुढे ती कमी होत गेली आणि २००१ नंतर एक लाखाच्या वरच्या प्रकरणांना ६ वर्षांवर आली. आमच्या पिढीची "सहा-सात वर्षं" तिथली. २०२१ मध्ये साधी मुदत ३ वर्षं झाली, पण लपवलेलं उत्पन्न ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १० वर्षं. १ सप्टेंबर २०२४ पासून हे आकडे ३ वर्षं ३ महिने आणि ५ वर्षं ३ महिने असे झाले. मोजायचं ते आकारणी वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष, संपल्यापासून, विवरणपत्र भरल्याच्या तारखेपासून नाही. इथे बहुतेकांचं एक वर्ष चुकतं.

आता मावशीच्या थोरल्या मुलाचं उदाहरण घ्या. १९८७ मध्ये घेतलेला एक एकराचा तुकडा पुढे नगरपालिकेच्या हद्दीत आला. तो त्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये ६२ लाखांना विकला. हद्दीबाहेरची, पुरेशा अंतरावरची शेतजमीन असती तर भांडवली नफ्याचा प्रश्नच आला नसता. हद्दीत असल्याने आला. २००१ च्या आधी घेतलेल्या जमिनीसाठी १ एप्रिल २००१ चा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, पण त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याहून जास्त नाही. म्हणजे लागणारे कागद तीन: १९८७ चं खरेदीखत, मूल्यांकनकाराचा अहवाल आणि २००१ चा सरकारी दर दाखवणारा कागद. विक्रीचं आकारणी वर्ष २०२६-२७, ते ३१ मार्च २०२७ ला संपेल. त्यात ३ वर्षं ३ महिने मिळवले की ३० जून २०३० येतो आणि लांबची मुदत धरली तर ३० जून २०३२. विक्रीची रक्कम पाहता मी त्याला दुसरी तारीख फाईलवर लिहून दिली. १९८७ च्या कागदाचं करापुरतं आयुष्य असं ४५ वर्षांचं झालं, कारण करासाठी घड्याळ चालू होतं ते विकल्यावर. त्याने १९९४ मध्ये आपल्या पगाराचं विवरणपत्र भरलं होतं. त्याची पावती मात्र केव्हाच रद्दीत जायला हरकत नव्हती.

एक अडचण अशी की पूर्ण किंमत मिळाल्यावर मूळ खरेदीखत घेणाऱ्याला द्यावं लागतं. विकणाऱ्याकडे जमिनीचा काही भाग उरत असेल तरच ते त्याच्याकडे राहतं. म्हणून देण्याआधी त्याच्या सगळ्या पानांच्या, शिक्क्यांच्या मागच्या बाजूंसकट, साक्षांकित प्रती करून घ्याव्यात. मागची बाजू लोक विसरतात, आणि नोंदणीचा क्रमांक व तारीख बऱ्याचदा तिथेच असते.

नोंदणीकृत खरेदीखत हरवलं तरी दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल मिळते, म्हणजे ते पूर्ण बुडत नाही. तळाच्या उर्दू कागदाचं तसं नव्हतं.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. आमच्याकडची जुनी माणसं अजून "पोलीस ॲक्शनच्या आधी" आणि "नंतर" असंच बोलतात. महसुलाची भाषा उर्दू होती आणि साल फसली. त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल मिळतं: १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. (साल ऑक्टोबरच्या सुमारास बदलत असे, म्हणून दोन इंग्रजी सालं येतात.) १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी गेल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कुळकायदा आला आणि १९५४ मध्ये इनामं रद्द करण्याचा कायदा. ज्याच्या अंगणात यातला कुठलाही कायदा आला, त्याच्या घरी एकेक कागद राहिला. इनाम मान्य केल्याचा मुंतखब, कुळाचं मालकीचं प्रमाणपत्र, आणि १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, ज्यात गटागटाला मालक कोण आणि प्रत्यक्ष कसणारा कोण हे वेगवेगळ्या रकान्यांत आहे. आज मराठवाड्यात जमिनीचा वाद मागे न्यायचा म्हटला की वकील बहुतेक वेळा याच पत्रकाची नक्कल मागतात.

मावशीच्या घडीत खासरा पत्रकाची नक्कल होती. त्याच घडीत दुसराही कागद निघाला: तिच्या सासऱ्यांना कूळ म्हणून मालकी मिळाल्याचं प्रमाणपत्र. या प्रमाणपत्राचं आजचं महत्त्व हैदराबादच्या कुळकायद्याच्या कलम ५०-ब मध्ये आहे. कुळाने अशी मिळवलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हती. २०१४ च्या दुरुस्तीने, मालकी मिळून १० वर्षं झाली असतील तर जमीन महसुलाच्या आकारणीच्या ४० पट नजराणा भरून परवानगीशिवाय विकता येते. नजराणा किरकोळ असतो, पण १० वर्षं झाली हे दाखवायला तारीख लागते आणि तारीख असते त्या प्रमाणपत्रावर. सातबाऱ्याच्या इतर हक्कात नुसता '५०-ब' चा शेरा असेल, आणि प्रमाणपत्र घरी नसेल, तर माणूस कचेरीत फेऱ्या घालत बसतो.

फेऱ्या का, तर कचेरी स्वतःही कागद जाळते, आणि कायद्याने जाळते. सरकारी दप्तरात अ, ब, क, क-१ आणि ड असे वर्ग आहेत: अ कायम ठेवायचा, ब ३० वर्षं, क १० वर्षं, क-१ पाच वर्षं, ड एक वर्ष. फेरफाराची नोंद टिकून असते आणि ती ज्या प्रकरणावरून झाली त्या फाईलचा वर्ग खालचा ठरला, म्हणून ती कधीच नष्ट झालेली असते, असं मी स्वतः पाहिलंय. उतारा मिळाला, पण "कोणत्या आदेशाने" याचं उत्तर उरलं नाही. म्हणून अपिलाचा निकाल, वाटणीचा आदेश, मोजणीचा नकाशा यांची घरची प्रत 'सरकारात असेलच' म्हणून टाकायची नाही. जुन्या अभिलेखांची स्कॅन केलेली पानं काही जिल्ह्यांपुरती aapleabhilekh.mahabhumi.gov.in वर दिसतात. आधी तिथे शोधावं, पण सापडलं नाही म्हणजे अस्तित्वात नाही असं धरू नये.

मूळ कागद घरी जपण्याचं दुसरं कारण न्यायालयातलं आहे. ३० वर्षं जुना आणि योग्य ताब्यातून आलेला मूळ कागद असेल तर त्यावरची सही आणि हस्ताक्षर खरं आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. आधी हे पुरावा कायद्याच्या कलम ९० मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये आहे. 'योग्य ताबा' म्हणजे तो कागद जिथे असायला हवा तिथेच सापडणं, म्हणजे सासऱ्यांचा कागद सुनेच्या ट्रंकेत. मजकूर खरा आहे हे मात्र वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि ही सवलत मूळ कागदाला आहे, झेरॉक्सला नाही. साध्या कागदावरच्या जुन्या वाटणीपत्राची दुसरी प्रत जगात कुठेच नसते. फोटो काढून मूळ बंबात घालणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

दाखल्यांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे गणित सोपं आहे. जातीच्या दाखल्यासाठी तारखा ठरलेल्या आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. कुटुंब त्या तारखेला राज्यात राहत होतं हे दाखवावं लागतं आणि जातीची नोंद त्याआधीची असेल तर तिला वजन असतं. मावशीच्या सासऱ्यांचा १९४१ चा शाळा सोडल्याचा दाखला मोडी लिपीत होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. उलट नातवाच्या शाळेची गुणपत्रकं, पहिलीपासून, प्लास्टिकच्या फोल्डरात होती. दहावीचं सोडलं तर त्यातलं काहीच कुणाला लागणार नाही.

लॅमिनेशनबद्दलही मावशीला सांगितलं. वीजबिलांचं हवं तर करा, पण शिक्का किंवा मुद्रांक असलेल्या कागदाचं करू नये. खरा-खोटा तपासायला कागद, शाई आणि मागची बाजू उघडी लागते. घड्या सरळ करून सुती कपड्यात किंवा साध्या कागदाच्या पाकिटात ठेवावं, आणि वाळवीची भिंत सोडून.

शेवटी ढीग तीन झाले. वीजबिलं, १९९४ ते २०१४ ची विवरणपत्रं आणि बंद खात्यांची पासबुकं पहिल्यात. विक्रीची फाईल दुसऱ्यात, तिच्यावर '३० जून २०३२' लिहून. उर्दू घडी, मोडी दाखला आणि प्रमाणपत्र तिसऱ्यात. पहिला ढीग बंबाजवळ नेताना मावशीने एक पासबुक परत काढून घेतलं. आत सासऱ्यांचा पासपोर्ट आकाराचा फोटो चिकटवलेला होता.