काचेतला प्रकाश चुंबक किती वळवतो?

‘काच चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे काचेवर चुंबकाचा काही परिणाम होत नाही.’ हे वाक्य इतकं सर्रास ऐकू येतं की ते खोटं असेल अशी शंकासुद्धा कुणाला येत नाही. पण चिकटणं हा चुंबकाच्या परिणामाचा एक प्रकार झाला, एकमेव नव्हे. काचेतून जाणाऱ्या प्रकाशाला विचारलं तर तो वेगळंच सांगतो.

चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो का, याचा मायकेल फॅरडेला ध्यास होता. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने हवा आणि साध्या काचा तपासून पाहिल्या, पण हाती काही लागलं नाही. मग 13 सप्टेंबर 1845 रोजी त्याने शिसं घातलेल्या जड काचेचा एक तुकडा विद्युतचुंबकापाशी ठेवला. ही काच त्याने स्वतःच बरीच वर्षं आधी, भिंगांसाठी चांगली काच बनवण्याच्या खटपटीत तयार केली होती. काचेतून ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश सोडला होता आणि पलीकडचा ध्रुवक, म्हणजे एकाच प्रतलातली कंपनं पुढे जाऊ देणारा गाळक, आडवा धरून तो पूर्ण अडवला होता. चुंबक चालू करताच अंधारात उजेड दिसू लागला. प्रकाशाच्या कंपनांचं प्रतल काचेतल्या काचेत फिरलं होतं.

किती फिरलं, याचं सूत्र तीन अक्षरांत मावतं:

θ = V × B × L

B म्हणजे प्रकाशाच्या दिशेने असलेलं चुंबकीय क्षेत्र, L म्हणजे काचेची लांबी आणि V हा त्या काचेचा स्थिरांक. 1854 पासून हे काटेकोरपणे मोजणाऱ्या एमिल व्हर्डे या फ्रेंच शास्त्रज्ञावरून त्याला व्हर्डे स्थिरांक म्हणतात. क्षेत्र प्रकाशाला काटकोनात असेल तर या सूत्राने मिळणारा कोन शून्य.

खरी गंमत V मध्ये आहे. सरळ रेषेत कंप पावणारा प्रकाश म्हणजे दोन फिरत्या प्रकाशांची बेरीज असते: एक डावीकडे गरगरणारा, एक उजवीकडे. दोघे बरोबरीने चालले तर बेरीज त्याच रेषेत राहते. एक जरा मागे पडला की ती रेषा तिरपी होते, आणि दोघांच्या कलेत, म्हणजे फिरण्याच्या टप्प्यात, जितका फरक पडेल त्याच्या निम्म्याने. आता काचेतले इलेक्ट्रॉन पाहा. चुंबकीय क्षेत्रात फिरत्या इलेक्ट्रॉनला एका दिशेला थोडा रेटा मिळतो आणि उलट दिशेला थोडी आडकाठी होते. त्यामुळे एका फिरत्या प्रकाशाला काच किंचित वेगळ्या तरंगलांबीवर असल्यासारखी वागते, दुसऱ्याला त्याच्या उलट बाजूला. म्हणून ज्या काचेचा अपवर्तनांक रंगानुसार झपाट्याने बदलतो, म्हणजे जी प्रकाशाचं अपस्करण जोरात करते, तिचा V मोठा. लोलकातून रुंद रंगपट्टा पाडणारी शिशाची काच फॅरडेला पावली ती याच कारणाने. लाल प्रकाशात अशा दाट शिसेकाचेचा V सुमारे 20 रेडियन प्रति टेस्ला-मीटर असतो, तर पाण्याचा पिवळ्या प्रकाशात 3.8.

आता एक गणित पुरतं करून पाहू. 15 सेंटीमीटर लांबीच्या नालकुंतलावर 1500 वेढे आहेत, वेढ्यांची सरासरी त्रिज्या 1.5 सेंटीमीटर आहे. आत मधोमध 10 सेंटीमीटरची शिसेकाचेची दांडी आणि तारेतून 1 अँपिअर धारा. पाठ्यपुस्तकातलं सूत्र प्रति मीटर 10,000 वेढ्यांना 12.57 मिलिटेस्ला देतं, पण ते अमर्याद लांब नालकुंतलासाठी. आपल्या नालकुंतलात टोकांकडे क्षेत्र ढासळतं. दांडीच्या लांबीवर सरासरी काढली तर 12.16 मिलिटेस्ला उरतं, म्हणजे तीनेक टक्के कमी. दांडी नालकुंतलाइतकीच लांब घेतली असती तर ही घट साडेनऊ टक्क्यांवर गेली असती, म्हणून काच नेहमी आखूड घ्यावी.

कोन: 20 × 0.01216 × 0.1 = 0.0243 रेडियन, म्हणजे 1.39 अंश.

आणि L मध्ये काचेची लांबी घालायची, नालकुंतलाची नव्हे. दुसरी ठेच जुन्या पुस्तकांत लागते. तिथे V मिनिटे प्रति गाउस-सेंटीमीटर असा दिलेला असतो, त्याला 291 ने गुणलं की रेडियन प्रति टेस्ला-मीटर मिळतात.

या 1.39 अंशांमागे काय घडलं? 10 सेंटीमीटर काचेत लाल प्रकाशाच्या जवळजवळ तीन लाख लहरी मावतात. एवढ्या प्रवासात दोन फिरत्या प्रकाशांमध्ये पडलेलं अंतर एका लहरीच्या सुमारे एकशेतिसाव्या भागाइतकं. अपवर्तनांकांतला फरक दहा कोटींत पाच!

इतका छोटा कोन ध्रुवक हाताने फिरवून मोजायला जाऊ नये. डोळ्यांना आडवा ध्रुवक सोयीचा, कारण अंधारातला उजेड चटकन कळतो. प्रकाशाचं व्होल्टमध्ये रूपांतर करणाऱ्या फोटोडायोडला मात्र तो गैरसोयीचा: तिथे 1.39 अंशांनी प्रकाश पूर्ण तेजाच्या फक्त 0.06 टक्के होतो. दोन ध्रुवक 45 अंशांवर ठेवा. तिथे प्रकाश निम्मा असतो, पण कोनाबरोबर सर्वांत वेगाने बदलतो. समजा धारा नसताना 2.000 व्होल्ट येतात. धारा सुरू केल्यावर 1.903 आणि तारा उलट जोडल्यावर 2.097. फरक 0.194, बेरीज 4.000. भागाकार 0.0485, त्याचं अर्धं 0.0243 रेडियन. गणिताशी जुळलं. (लेझर बंद असतानाचं वाचन आधी प्रत्येकातून वजा करायला विसरू नका.)

धारा उलटी करून पाहणं ही निव्वळ सवय नाही, परीक्षा आहे. दांडी स्क्रूने घट्ट आवळली किंवा गरम झाली की काचेत ताण येतो आणि ताणसुद्धा ध्रुवण बिघडवतो. हे नालकुंतल 1 अँपिअरला नऊ वॅटच्या आसपास तापतं, तेव्हा काही सेकंदांत वाचन घेऊन धारा बंद करावी. ताणामुळे आलेला बदल धारा उलटवल्यावर चिन्ह बदलत नाही, चुंबकामुळे आलेला बदलतो. दोन्ही बाजूंचे आकडे असमान आले तर आधी स्क्रू सैल करा. दुसरी खूण: ध्रुवक समांतर केल्यावर वाचन 45 अंशांच्या दुप्पट, म्हणजे 4 व्होल्ट यायला हवं. कमी आलं तर फोटोडायोडवर झेपेल त्यापेक्षा जास्त प्रकाश पडतोय आणि सगळे आकडे खोटे आहेत.

लेझरचा रंगही लिहून ठेवायला हवा. हिरव्या प्रकाशाला V बराच मोठा असतो, त्यामुळे लाल प्रकाशाचा आकडा हिरव्या लेझरला लावला की चूक ठरलेली.

चुंबकावरून पाणी सोडून ते ‘चुंबकीत’ झाल्याचं सांगत विकणाऱ्यांना हेच सूत्र दाखवावं. पाण्यातही ध्रुवण प्रतल फिरतं, पण क्षेत्र आहे तोवरच. B शून्य झाला की θ शून्य, बाटलीत भरून घरी न्यायला काही उरत नाही.

साखरेचं पाणीही ध्रुवण प्रतल फिरवतं, म्हणून पुष्कळ जण दोन्ही एकच समजतात. ते वेगळे आहेत हे एका आरशाने कळतं. दांडीच्या पलीकडे आरसा अगदी किंचित तिरका लावा आणि परत आलेला किरण मूळ किरणाच्या शेजारी पकडा. साखरेच्या द्रावणात जाताना जे वळण येतं ते परतताना उलगडतं आणि शून्य उरतं. काचेत मात्र वळण प्रकाशाच्या दिशेवर नव्हे, क्षेत्राच्या दिशेवर ठरतं, त्यामुळे परतताना ते उलगडण्याऐवजी वाढतं. आपल्या दांडीत ते 2.79 अंश होईल.