रोजनिशी आणि इंटर्नशिप अहवाल: एकच काम, दोन वेगळी लेखनं

इंटर्नशिप संपली की बरेच विद्यार्थी रोजनिशी समोर ठेवतात आणि तीच जरा सुबक भाषेत टाइप करत जातात. 'पहिल्या आठवड्यात आम्ही अमुक केले, दुसऱ्या आठवड्यात तमुक केले' असा अहवाल तयार होतो. पानं भरतात, पण तपासणाऱ्याला कोणतंही काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसत नाही.

रोजनिशी तारखेनं चालते. त्या दिवशी काय केलं, किती वेळ, कोणाच्या देखरेखीखाली, एवढं ती सांगते. तिच्यात अर्धवट राहिलेलं काम, चुकलेलं मोजमाप, नुसतं बघत घालवलेली दुपार हे सगळं असायला हवं, कारण ती पुरावा आहे. अहवाल कामानं चालतो. अडचण काय होती, काय केलं, का केलं, काय निष्पन्न झालं, हे तो सांगतो. त्यामुळे आठ दिवसांत विखुरलेल्या तीन नोंदी अहवालात एकाच परिच्छेदात येतात आणि कधी आख्ख्या आठवड्याच्या नोंदींना दोन ओळी पुरतात.

देखभाल विभागातल्या विद्यार्थ्याचं कल्पित उदाहरण घेऊ. 3 तारखेची नोंद: '415 व्होल्टच्या मोटरचा इन्सुलेशन रेझिस्टन्स मेगरने मोजला, 0.6 मेगाओहम.' 5 तारखेची: 'मोटर ओव्हनमध्ये ठेवली.' 10 तारखेची: 'पुन्हा मोजला, 40 मेगाओहम, मोटर बसवली.' मधल्या दिवसांत पॅनेलचं वायरिंग आणि स्टोअरचं काम. तारखेनं लिहिलेल्या अहवालात या तीन नोंदी तीन पानांवर जातात आणि त्यांचा संबंध हरवतो. कामानं लिहिलं तर असं होतं: 'मोटरचा इन्सुलेशन रेझिस्टन्स फक्त 0.6 मेगाओहम आला. ओलावा असावा असा अंदाज होता, म्हणून वाइंडिंग बदलण्याआधी ती वाळवून पाहिली. त्यानंतर रेझिस्टन्स 40 मेगाओहमपर्यंत वाढला, म्हणजे अंदाज बरोबर ठरला आणि रिवाइंडिंग टळलं.' आकडे तेच आहेत. 'म्हणून' आणि 'म्हणजे' हे दोन शब्द मात्र रोजनिशीत नव्हते. अहवाल लिहिणं म्हणजे मुख्यतः हे दुवे भरणं.

इथेच एक उणीवही उघडी पडते. गरम वाइंडिंगचा इन्सुलेशन रेझिस्टन्स थंड वाइंडिंगपेक्षा कमी येतो, म्हणून दोन मोजमापांची तुलना करताना दोन्ही वेळचं तापमान हवं. ते रोजनिशीत नसेल तर अंदाजानं घालू नये. विभागातल्या मोटरच्या नोंदपत्रात पाहावं, पर्यवेक्षकांना विचारावं. तरीही मिळालं नाही तर 'तापमानाची नोंद घेतली नव्हती' असं स्पष्ट लिहावं. सही झालेल्या रोजनिशीत मागाहून भर घालणं तर पूर्णच टाळावं. वेगळ्या शाईची ओळ तोंडी परीक्षेत लगेच लक्षात येते आणि मग बाकीच्या खऱ्या नोंदींवरही शंका घेतली जाते.

जुळवणीसाठी रोजनिशीच्या पानांना क्रमांक द्या आणि स्प्रेडशीटमध्ये चार रकाने करा: तारीख, तास, काम, रोजनिशीचं पान. 'काम' या रकान्यात मोजकीच ठरलेली नावं वापरा, 'मोटर', 'पॅनेल', 'स्टोअर', 'सुरक्षा', 'निरीक्षण' अशी. एका दिवशी दोन कामं झाली असतील तर दोन ओळी करा. मग एका कामाचे एकूण तास असे निघतात:

```
=SUMIF(C:C,"मोटर",B:B)
```

समजा मोटर 72, पॅनेल 48, निरीक्षण 24, स्टोअर 18 आणि सुरक्षा 6 तास भरले. बेरीज 168, म्हणजे रोज 6 तासांनी 28 दिवस. आता प्रमाणपत्र पाहा. त्यावर 30 दिवस आणि 180 तास असतील तर दोन दिवसांचा फरक सुट्टीचा आहे की नोंद राहिल्याचा, हे अहवाल बांधायला देण्याआधीच पर्यवेक्षकांकडून स्पष्ट करून घ्या. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र आणि रोजनिशी यांतल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखाही एकच हव्यात.

तासांच्या प्रमाणात पानं वाटायची गरज नाही. स्टोअरमधले 18 तास एका परिच्छेदात आटोपतात. 'मोटर' शब्दानं यादी लावल्यावर मात्र ज्या नोंदींत निर्णय घेतला गेला त्यांना सविस्तर जागा द्या. तो निर्णय पर्यवेक्षकांचा असेल तर तसंच लिहा आणि स्वतः काय मोजलं, काय हाताळलं ते वेगळं सांगा. 'मी' आणि 'विभागाने' यांची सरमिसळ झालेला अहवाल तोंडी परीक्षेत अडतो, कारण पुढचा प्रश्न हमखास 'यात तुम्ही नेमकं काय केलंत?' हाच असतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'रोजनिशी पान 4, 7, 11' असा उल्लेख ठेवला की उत्तर देताना ते पान लगेच उघडता येतं.